सहाचे पाच झाले

"पंधरापैकी तेरा म्हणजे चांगलेच मार्क की, डॉक्टर!"

अतिदक्षता विभागाबाहेर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता दुरुस्त करायला तोंड उघडायच्या आधीच थकवा येतो. संपादकांनी 'तुमच्या कामातलं काहीतरी लिहा' म्हटलं, तेव्हा हेच वाक्य आठवलं. त्यामागोमाग गेल्या पावसाळ्यातली एक रात्रही आठवली. ती अजून डोक्यातून जात नाही.

मी मेंदूचा शल्यविशारद. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मानपाड्यात बसतो आणि आठवड्यातून एकदा डोंबिवलीच्या मानपाड्यात. 'मानपाड्याहून बोलतोय' असा फोन आला की पहिला प्रश्न 'कुठला मानपाडा?' हाच असतो. दोन्हीकडे डोक्याला मार लागलेली माणसं सारखीच येतात. खड्ड्यात बाईक घसरलेला, लोकलच्या दारातून पडलेला, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला. त्यांच्याबद्दल आम्ही एकमेकांना पहिली गोष्ट विचारतो ती जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल.

ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी ही मोजपट्टी १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. त्याआधी 'गुंगीत', 'अर्धवट शुद्धीत' असं ज्याचं त्याने लिहायचं. रात्रीच्या नर्सची गुंगी सकाळच्या डॉक्टरची असेलच असं नाही. या दोघांनी तीन साध्या गोष्टी बघायला सांगितल्या. माणूस डोळे कधी उघडतो, याला ४ पर्यंत गुण. बोलतो कसा, याला ५ पर्यंत. हातपाय कसे हलवतो, याला ६ पर्यंत. यात शून्य नसतो. काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येकी १, म्हणजे एकूण ३ होतातच. मृत देहालाही ३ मिळतील. तेव्हा पंधरापैकी आठ म्हणजे काठावर पास, असा हिशोब कुणी करू नये. डोक्याला मार लागलेल्याचा आकडा आठ किंवा त्याखाली असला तर आम्ही त्याला गंभीर दुखापत म्हणतो.

आता हालचालीबद्दल थोडं अधिक, कारण गोष्ट तिथेच अडकली आहे. 'हात वर करा' म्हटल्यावर केला तर ६. सांगितलेलं करत नाही, पण भुवईच्या हाडाजवळच्या खाचेत अंगठ्याने दाबल्यावर त्याचा हात गळ्याच्या वर येऊन माझा अंगठा ढकलतो, तर ५. दुखतंय कुठे हे त्याच्या मेंदूला अजून कळतंय. हात ढकलायला येत नाही, नुसता कोपरात वाकून आखडतो, तर ४. त्याखाली विचित्र आवळून वाकणं, मग ताठ होणं, मग काहीच नाही. म्हणजे ६ आणि ५ यांच्यात फरक आहे तो सांगितलेलं ऐकून, समजून, करण्याचा.

त्या रात्री नऊच्या सुमारास सव्वीस वर्षांचा एक मुलगा सर्व्हिस रोडवर बाईकवरून पडला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. पडल्यावर उठून बसला, बाईक उचलली, कुणाला तरी शिवीही दिली. पावणेदहाला लोकांनी त्याला एका छोट्या रुग्णालयात नेलं. तिथे सीटी स्कॅन नव्हता. डोळे उघडे, बोलतोय पण तारीख चुकतोय, सांगितलेलं करतोय. म्हणजे ४, ४ आणि ६, एकूण १४. तोंडाला दारूचा वास. कागदावर 'मद्यप्राशन, निरीक्षण' असं लिहिलं गेलं. कानामागून थोडं रक्त आलं होतं. त्याचा भाऊ समाधानाने म्हणाला, "रक्त बाहेर आलं ते बरं झालं, मुका मार वाईट." हा समज आपल्याकडे घराघरात आहे आणि तो साफ चुकीचा आहे. बाहेर आलेलं रक्त आत रक्त नसल्याचा पुरावा कधीच नसतो.

पावणेअकराला तिथल्या तरुण डॉक्टरने मला फोन केला. मी विचारलं, "जीसीएस किती?" तो म्हणाला, "तेरा, सर. आधी चौदा होता. जरा दंगा करतोय, ऐकत नाही. प्यायलेला आहे." मी म्हणालो, "लक्ष ठेवा, आणखी उतरला तर पाठवा."

हे वाक्य माझं आहे. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

त्या तेरामध्ये काय होतं ते मी विचारलंच नाही. नंतर कागद पाहिला तेव्हा कळलं. डोळे ४, बोलणं ४, हालचाल ५. 'ऐकत नाही' म्हणजे तो हट्ट करत नव्हता. त्याला सांगितलेलं समजत नव्हतं. हालचालीचा गुण सहावरून पाचावर आला होता, आणि मी 'एकच तर गुण' असं समजून फोन ठेवला होता.

हाच तेरा दुसऱ्या तऱ्हेनेही होऊ शकतो. डोळे हाक मारल्यावर उघडतो म्हणून ३, बोलणं ४, हालचाल ६. रात्री पावणेअकराला दमलेला माणूस पेंगतो, हाक मारली की डोळे उघडतो, सांगितलं की बोटं दाबतो. त्याचीही काळजी घ्यायचीच, पण या दोन तेरांमध्ये मोठं अंतर आहे. मी बेरजेबद्दल भांडतो ते यासाठी. सहकारी म्हणतात, सरांची कॅसेट लागली. लागू दे. चार, पाच आणि सहा पायऱ्यांच्या १२० जुळण्या होतात, आणि बेरजा फक्त १३. एकशेवीस वेगवेगळी माणसं आपण तेरा खणांत कोंबतो आणि फोनवर खणाचा नंबर सांगतो. टीसडेल-जेनेटच्या मूळ लेखात ही बेरीज नव्हती. ती नंतर आली, मोठ्या अभ्यासांत रुग्णांचे गट पाडायला. २०१४ साली चाळीस वर्षांचा आढावा घेतानाही टीसडेल यांनी सांगितलं, की एका रुग्णाबद्दल बोलताना तिन्ही भाग वेगळे सांगा.

बोलण्याचे गुण तर आपल्या भागात फार फसवतात. नर्स केरळची, रुग्ण जौनपूरचा किंवा इथलाच आगरी म्हातारा. 'आज तारीख काय?' याचं उत्तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला धडधाकट असतानाही आलं नसतं. त्याला 'गोंधळलेला' म्हणून ४ देणं अन्याय आहे. मी सांगतो, घरच्या माणसाला पुढे बोलवा, त्यांच्याच बोलीत विचारा, 'आपण कुठे आहोत, हा कोण?' घशात नळी असेल तर बोलण्यापुढे १ लिहू नका, 'तपासता येत नाही' लिहा. डोळे सुजून मिटले असतील तरी तसंच.

सव्वाअकराला कुणी पाहिलं नाही. साडेअकराला नर्सने पाहिलं तेव्हा अंगठ्याने दाबल्यावरच डोळे उघडत होते, २. नुसते आवाज, २. हात आखडत होता, ४. एकूण आठ. उजवी बाहुली मोठी झालेली, नाडी ५२, रक्तदाब १७० वर. मधल्या वेळात दंगा करतो म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. बांधलेला हात कुठे ढकलतोय, कुठे आखडतोय, हे दिसणार कसं?

पाऊण तासात पाच गुण उतरतात कसे? कवटी बंद डबा आहे. आत मेंदू, पाणी आणि रक्त. उजव्या कानाच्या वर हाड पातळ असतं, त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते आणि हाड व मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. सुरुवातीला डबा जुळवून घेतो, थोडं पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर जातं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलसारखं. लोक सरकत राहतात आणि आणखी दहाजण मावतात. मग एक क्षण असा येतो की एकही माणूस मावत नाही, आणि तरी बाहेरून रेटा चालूच असतो. तिथून पुढे प्रत्येक चमचाभर रक्ताने दाब झपाट्याने चढतो. म्हणून स्कोअर बराच वेळ टिकतो आणि मग कोसळतो. १९९८ साली ढाक्यात शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या क्रिकेटपटू रमण लांबाच्या डोक्याला चेंडू लागला, तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला आणि तीन दिवसांनी वारला. मार लागल्यावर बोलणारा-चालणारा माणूस सुरक्षित आहे, असं त्यानंतरही लोक मला सांगतात.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो आमच्याकडे पोचला. स्कॅनमध्ये उजवीकडे भिंगाच्या आकाराची गुठळी, मेंदू मध्यरेषेपासून सरकलेला. एक वाजता कवटी उघडली. रक्त काढलं, धमनी बंद केली. तो जगला. आता कामावर जातो. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागतो, आणि तपासणीला आला की मी त्या बोटांकडेच बघत राहतो.

पावणेअकराला निघाला असता तर? त्या तीन आकड्यांतला तिसरा मी विचारला असता तर? मला वाटतं, बोटं वाचली असती. खात्री कुणी देऊ शकत नाही.

नर्सिंगच्या मुलींना मी दरवर्षी एक प्रश्न घालायचो, 'रुग्णाचा स्कोअर १४ वरून १३ झाला, काय कराल?' उत्तरं यायची, 'एक गुण कमी, निरीक्षण चालू ठेवू.' मी त्याला गुणही द्यायचो. आता तो प्रश्न मी बदललाय. बेरीज देत नाही. '४, ४, ६ होतं, अर्ध्या तासाने ४, ४, ५. रुग्णाला दारूचा वास येतो.' अपेक्षित उत्तर असं, की दुसऱ्या कुणाकडून लगेच पुन्हा तपासून घ्या, श्वास, रक्तदाब, साखर पाहा, डॉक्टरला कळवा, स्कॅनची तयारी करा. दारूला दोष देण्याची पाळी स्कॅन स्वच्छ आल्यावरची. आणि पहिला स्कॅन स्वच्छ असला तरी उतरता स्कोअर दुसरा स्कॅन मागतो, कारण तासाभरापूर्वी नसलेली गुठळी आता असू शकते. स्कोअर पंधरा होईपर्यंत दर अर्ध्या तासाने पाहायचंच. झोपलेल्यालाही उठवून. 'बिचारा आत्ताच झोपलाय, राहू द्या' म्हणणाऱ्या आईला मी हात जोडतो, पण त्याला उठवतो.

गेल्या महिन्यात रात्री फोन आला. "सर, मानपाड्याहून, डोंबिवली. पन्नाशीचे काका, जिन्यावरून पडलेत. डोळे चार, बोलणं चार, हालचाल पाच. तासापूर्वी सहा होती."

मी म्हणालो, "निघा. साखर पाहिलीत?"

"पाहतेय सर." थोडा वेळ नुसता मॉनिटरचा आवाज. "अठ्ठेचाळीस."

ग्लुकोज द्यायला सांगितलं. गाडी शीळफाट्याला पोचेपर्यंत काका सांगितल्यावर बोटं दाबत होते. हालचाल पुन्हा सहा. गाडीतून काकांच्या भावाने फोन करून विचारलं, "मग आता परत फिरू का डॉक्टर?" मी नाही म्हटलं. स्कॅन केला, तो स्वच्छ निघाला. रात्रभर दर अर्ध्या तासाला काकांना कुणीतरी उठवत होतं, आणि सकाळी त्यांनी त्याबद्दल तक्रार केली, ती मी पूर्ण ऐकून घेतली.