कोपऱ्यावर अडलेला पहारेकरी

मी आणि माझा एक मित्र गोदामातल्या चोरीवर एक छोटा गेम करत होतो. नकाशा वरून दिसणारा, गोडोट इंजिनात बांधलेला, ३२ पिक्सेलच्या चौकोनी घरांचा. चोर दिसला की पहारेकरी ए-स्टार पद्धतीने वाट शोधून त्याच्या मागे धावायचा. मोकळ्या जागेत तो छान पळायचा. पण खोक्यांच्या रांगेला वळसा घालायची वेळ आली की कोपऱ्याला चिकटायचा. पाय धावत असायचे, पण पहारेकरी जागचा हलायचा नाही.

मित्राला वाटलं, वाटच चुकीची निघतेय. म्हणून आम्ही सापडलेली वाट पडद्यावर लाल रेघेने काढली. असा अडथळा आला की पहिल्यांदा हेच करावं, कारण दोष शोधण्यात आहे की चालण्यात, ते लगेच कळतं. रेघ बिनचूक होती. ती एकाही खोक्यावरून जात नव्हती. मात्र एका जागी खोक्याच्या टोकाला अगदी स्पर्श करून तिरकी निघाली होती.

त्यातच सगळं आलं. ए-स्टारला पहारेकरी म्हणजे एक बिंदू. आमच्या पहारेकऱ्याला मात्र १२ पिक्सेल त्रिज्येचं गोल अंग होतं. एका घराच्या मध्यापासून तिरक्या शेजाऱ्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, की ती चार घरं जिथे मिळतात त्या टोकावरूनच जाते. बाजूच्या घरात खोकं असेल तर रेघ आणि खोकं यांतलं अंतर शून्य. बिंदू निघून जातो, अंग आपटतं. वर आम्ही `move_and_collide` वापरत होतो. ते धडक झाली की थांबवतं, भिंतीला घासून पुढे सरकवत नाही. पुढच्या फ्रेमला पहारेकरी पुन्हा त्याच दिशेने रेटायचा आणि पुन्हा थांबायचा.

गोडोटच्या `AStarGrid2D` मध्ये तिरकी चाल मुळात सरसकट चालू असते. ती आवळायला एक ओळ पुरते:

```
grid.diagonal_mode = AStarGrid2D.DIAGONAL_MODE_ONLY_IF_NO_OBSTACLES
```

आता बाजूची दोन्ही घरं मोकळी असतील तरच तिरकं जाता येतं. या नियमाने रेघ कुठल्याही खोक्यापासून निदान १६ पिक्सेल लांब राहते, म्हणजे १२ त्रिज्येचं अंग आरामात जायला हवं.

तरी तो अडकायचाच. कमी वेळा, पण अडकायचा. लाल रेघ आता कोपऱ्याला काटकोनात वळत होती. म्हणून पहारेकरी प्रत्यक्षात ज्या वाटेने जातो ती निळ्या रेघेने काढली. निळी रेघ लाल रेघेच्या आतून वळत होती.

कारण असं होतं. घराच्या मध्यापासून १० पिक्सेलच्या आत आला की पहारेकरी 'पोचलो' असं धरून पुढच्या घराकडे वळायचा. समजा तो उजवीकडे जातोय आणि पुढचं घर खाली आहे. आतल्या बाजूच्या खोक्याचं टोक मध्यापासून १६ डावीकडे आणि १६ खाली असतं. मध्याच्या १० आधीच वळून खालच्या घराकडे निघालं, तर त्या तिरक्या रेघेपासून टोकाचं अंतर भरतं सुमारे साडेदहा. अंगाला हवेत १२. तेच मध्याच्या ४ आधी वळलं तर अंतर जवळजवळ १४ होतं. आम्ही १० चे ४ केले आणि निळी रेघ लाल रेघेला बिलगली. फार लहान आकडा घेऊनही चालत नाही. एका फ्रेममध्ये पहारेकरी जितकं अंतर कापतो त्यापेक्षा तो बराच कमी झाला, तर पहारेकरी मध्य ओलांडतो, मागे फिरतो आणि तिथेच थरथरत बसतो.

मग मित्राने २० त्रिज्येचा धिप्पाड मुकादम आणला. त्याच्यासाठी खोकी जाळीत फुगवावी लागतात. ज्या घराचा मध्य भिंतीपासून २० च्या आत आहे, ते घर बंद धरायचं. भिंतीलगतच्या प्रत्येक घराचा मध्य १६ वर असतो, म्हणून ती सगळी घरं बंद झाली. दोन घरं रुंद बोळात मुकादम सहज मावतो; बोळ ६४ पिक्सेल, तो ४० चा. पण तिथली दोन्ही घरं भिंतीलगतची, त्यामुळे वाटच निघेना. त्याच्यासाठी १६ पिक्सेलची बारीक जाळी वेगळी केली, तेव्हा बोळाच्या मधली दोन घरं भिंतीपासून २४ वर आली आणि उघडी राहिली. तेवढ्याच जागेत घरं चौपट झाली, शोध महागला. मुकादम एकच असल्याने ते परवडलं.

एक खोच उरली होती. दुसऱ्याचा धक्का लागून मुकादम खोक्याच्या टोकाला टेकला, की त्याचा मध्य ज्या घरात आहे ते कधी कधी बंद निघायचं आणि शोध रिकाम्या हाताने परतायचा. आता असं झालं की जवळचं उघडं घर शोधून तिथून सुरुवात करतो. लाल आणि निळ्या रेघा आम्ही काढून टाकल्या नाहीत, एका कळीवर ठेवल्या आहेत. नवा शत्रू आणला की आधी त्याच्या दोन्ही रेघा कोपऱ्यावर पाहतो.