तूरडाळीचा पिवळा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देणं हे माझं काम. नांदेडला वजिराबादेत एक खोली, दोन स्क्रीन आणि एक पंखा. फुटेज येतं लातूर, उदगीर, परभणीहून, पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर, बऱ्याचदा एसटीतनं कुणाच्या तरी हाती. आणि कलर कसा पाहिजे याचा निरोप येतो व्हॉट्सॲपवर. त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे ‘सिनेमॅटिक’. त्याच्या खालोखाल ‘सैराटसारखं’.

‘सैराट’ २०१६ साली आला, तेव्हापासून हा निरोप चालू आहे. पण त्या एकाच सिनेमात करमाळ्याकडचं मोकळं ऊन आहे, विहीर आहे, केळीची बाग आहे, आणि पुढं हैदराबादमधल्या कोंदट खोल्या आहेत. यातलं नेमकं काय पाहिजे ते निरोपात नसतं. मग एडिटर त्याच्याकडचं तयार लूक लावून मोकळा होतो. सावल्या निळसर, चेहरे नारिंगी. ‘सिनेमॅटिक’ म्हटलं की आमच्या धंद्यात बहुतेकदा हेच मिळतं.

मागच्या वर्षी लातूरहून एका लग्नाचं काम आलं, आणि त्यासोबत दोन निरोप आले. पहिला नवरीच्या मामांचा, कारण पैसे त्यांनी दिले होते. “सिनेमॅटिक करा, आन् पोरगी जरा उजळ दिसू द्या, बरं का.” दुसरा निरोप रात्री उशिरा खुद्द नवरीचा आला. तिच्या घरची मार्केट यार्डात आडत. तिनं लिहिलं होतं:

“दादा, हळद सकाळी दहाला लागली. मांडवाचं कापड पिवळं होतं, त्यामुळं सगळेच पिवळे दिसतील. ते थोडं कमी करा, पण पूर्ण काढू नका. हळद तूरडाळीसारखी दिसू द्या, मूगडाळीसारखी नको. चुडा हिरवाच राहू द्या. मी सावळी आहे, आई माझ्याहून उजळ आहे. आम्ही शेजारी बसलोय तिथं तो फरक दिसू द्या.”

या मुलीला कलर ग्रेडिंगचा एकही शब्द माहीत नव्हता. तरी आजवर मला आलेला हा सगळ्यात नेमका निरोप आहे. तो का नेमका आहे, ते एकेक वाक्य धरून सांगतो.

पहिल्या वाक्यात तिनं उजेड सांगितला. रंगाचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी करेक्शन, म्हणजे फुटेज सरळ करणं: पांढरं ते पांढरं, आणि एकाच प्रसंगातले सगळे शॉट एकमेकांशी जुळणारे. त्यानंतर ग्रेडिंग, म्हणजे त्यावर हवा तो भाव चढवणं. पहिला टप्पा नीट झाला नसेल तर दुसऱ्याला अर्थ नसतो. पिवळ्या कापडातून ऊन खाली येतं तेव्हा त्यातला निळा भाग कापडच खाऊन टाकतं. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो ही कमतरता भरून काढायला निळा वाढवत बसतो. फोटोग्राफर मांडवाच्या कडेला सरकला, बाहेरचं ऊन फ्रेममध्ये आलं, की परत कमी करतो. त्यामुळं एकाच शॉटमध्ये चेहरा पिवळ्याकडून राखाडीकडं घसरत जातो.

हे ओळखायला मी एखादी पांढरी वस्तू शोधतो. आपल्याकडच्या लग्नात ती हमखास सापडते: कुणातरी आजोबांची टोपी. ती एका शॉटमध्ये पिवळी आणि दुसऱ्यात निळी दिसली, की कुठं किती सुधारायचं ते कळतं. फक्त टोपीलाही आंधळेपणानं मानायचं नाही. धुताना नीळ घातलेली असते, म्हणजे मुळातच ती जराशी निळसर असते. तिला एकदम शुद्ध पांढरं केलं तर बाकी सगळं गरजेपेक्षा पिवळं होतं. म्हणून मी टोपीत निळ्याची किंचित झाक राहू देतो.

“थोडं कमी करा, पण पूर्ण काढू नका” हेही तिनं बरोबर सांगितलं होतं. मांडवाचा पिवळा पूर्ण काढायचा तर जो निळा कॅमेऱ्याला मिळालाच नाही तो ताणून वाढवावा लागतो, आणि मग सावलीच्या भागात वाळूसारखे दाणे दिसायला लागतात. शिवाय उजेडाचा पिवळा ओढून काढताना हळदीचाही पिवळा निघून जातो. मी अंदाजे निम्मा काढला. मांडव मांडवच राहिला.

दुसरं वाक्य डाळीचं. पिवळा हा एक रंग नाही. तूरडाळीचा पिवळा लालाकडं झुकलेला, मूगडाळीचा फिका आणि हिरव्याकडं झुकलेला. हरभरा डाळ या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. आडतीच्या घरातली पोरगी हा फरक झोपेतही सांगेल. मला त्या एका वाक्यातनं तीन गोष्टी मिळाल्या: रंग कोणत्या बाजूला झुकवायचा, किती गडद ठेवायचा, आणि कोणत्या बाजूला अजिबात जाऊ द्यायचा नाही. शेवटची गोष्ट सगळ्यात उपयोगाची असते. ‘काय नको’ हे सांगितलं की एडिटरचं निम्मं काम होतं.

म्हणून मी म्हणतो, रंग सांगताना तुमच्या घरातल्या वस्तूचं नाव घ्या. ‘वॉर्म’ म्हणण्यापेक्षा ‘कंदिलाच्या उजेडासारखं’ म्हणा. ‘डार्क’ म्हटलं तर कळत नाही की काळं काजळासारखं पाहिजे की धुरकट, पहाटेच्या चुलीभोवती असतं तसं. भंडाऱ्याचा पिवळा सांगायचा असेल तर ‘माळेगावच्या जत्रेतला’ म्हणा, नांदेड जिल्ह्यातल्या कुठल्याही एडिटरला तो डोळ्यांपुढं दिसेल.

तिसरं वाक्य चुड्याचं. मांडवाचा पिवळा कमी करायला आपण निळा वाढवतो, तेव्हा हिरव्या बांगड्याही निळ्याकडं सरकतात आणि मोरपंखी होतात. तयार लूक लावलं तर आणखीनच. मग फक्त हिरवा रंग वेगळा निवडून जागेवर आणावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. पण हे करायचं आहे हे आधी कळायला हवं. फ्रेममधल्या कोणत्या एक-दोन गोष्टींचा रंग बदलता कामा नये, हे प्रत्येक निरोपात असायला हवं. शालू, चुडा, घराची भिंत, काहीही असेल.

आता चौथं वाक्य. रंग मोजायला आमच्याकडं व्हेक्टरस्कोप नावाचं एक गोल चक्र असतं. फ्रेममधला प्रत्येक रंग त्यावर ठिपका होऊन दिसतो. त्या चक्रावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरकी रेघ असते, तिला स्किन टोन लाइन म्हणतात. गोरा, गव्हाळ, सावळा, काळा, कुठलाही चेहरा साध्या उजेडात ठेवा, त्याचे ठिपके या एकाच रेघेच्या आसपास पडतात. कातडीखाली वाहणारं रक्त सगळ्यांचं सारखंच लाल. फरक पडतो तो मुख्यतः चेहऱ्यावरून किती उजेड परत येतो यात, आणि तो दिसतो वेव्हफॉर्म नावाच्या दुसऱ्या आलेखावर. त्यावर तळाला शून्य म्हणजे काळं, वर शंभर म्हणजे पांढरंफेक. या फुटेजमध्ये आईचा चेहरा साठच्या आसपास होता आणि नवरीचा पस्तीसला.

‘गोरं करा’ याचा सरळ अर्थ असा, की पस्तीसला उचलून साठवर न्या. तसं केलं की काय होतं, ते मी करून पाहिलं. गालावरची चमक आणि गालाची सावली जवळजवळ एक झाली, चेहरा पिठासारखा सपाट झाला. रंग फिका पडून राखाडी झाला. नथीतले मोती आणि मुंडावळ्या पांढऱ्या डागांसारख्या फुटल्या. आणि मायलेकी शेजारी बसलेल्या असून त्यांचं नातं ओळखू येईना.

ही खोड आमच्या एकट्याची नाही. फोटो छापणाऱ्या लॅबना कोडॅक कंपनी मशीनचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड देत असे, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे रंग बरोबर आले. वेगवेगळ्या वर्णाच्या बायकांचं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं. व्हिडिओ कॅमेऱ्यातही चेहऱ्याचा उजळ भाग सत्तरला ठेवा असं शिकवतात. तो आकडाही गोऱ्या चेहऱ्यांवरूनच आलेला आहे.

मग मामांचं काय करायचं? मी त्यांच्या शब्दावर विचार केला. ते ‘गोरी’ म्हणाले नव्हते, ‘उजळ’ म्हणाले होते. उजळ म्हणजे कातडीचा रंग बदलणं नव्हे, चेहऱ्यावर उजेड पडणं असाही अर्थ होतो. मी नवरीचा चेहरा पस्तीसवरून पंचेचाळीसला आणला. मधल्या छटा थोड्या उचलल्या, सावल्या होत्या तिथंच ठेवल्या. चेहऱ्याभोवती कडा मऊ असलेला एक गोल आखला आणि त्यातला फक्त सगळ्यात उजळ भाग, म्हणजे कपाळ, गालाचं हाड, डोळ्यांतली चमक, जरा वाढवला. रंगाचा गडदपणा कमी होऊ दिला नाही. हळद लागलेला गाल रेघेपासून पिवळ्याकडं झुकला होता, तो तसाच राहू दिला. तो दोष नव्हता, ती हळद होती.

पाठवताना मी दोघांनाही सारखीच सूचना केली. व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून टाकतं. फोनचा ‘व्हिव्हिड’ मोड आणि रात्रीचा पिवळा पडदा बंद करा, ब्राइटनेस मध्ये ठेवा, आणि दिवसा खिडकीपाशी बघा. एकाच व्हिडिओचा रंग दोन फोनवर दोन प्रकारचा दिसतो, आणि भांडण बऱ्याचदा रंगाचं नसून स्क्रीनचं असतं.

नवरीनं माझ्याही पुढचं केलं. मूठभर तूरडाळ हातात घेऊन फोनशेजारी धरली आणि त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, “एक चिमूट जास्त पिवळं झालंय.” तिच्या फोनच्या मानानं ते असेलही. मी थोडं कमी केलं.

मामांचा फोन दोन दिवसांनी आला. “आता कसं, पोरगी आपली दिसायली.” गोरी का नाही केली, हे त्यांनी विचारलं नाही.

फोटोंचा अल्बम दुसरीकडं छापायला गेला होता. तो नंतर तिनं मला दाखवला. त्यात हळदीच्या पानावर ती आईपेक्षाही गोरी आहे, आणि हळद मूगडाळीसारखी. “अल्बमवाल्याशी मामाच बोलले होते,” ती म्हणाली. अल्बम आणि माझा पेनड्राइव्ह आता तिच्या कपाटात एकाच कप्प्यात आहेत.