अम्मीची नागीण, पट्टी आणि मिरचीचं मलम

गेल्या वर्षी रोह्याला अम्मीला नागीण झाली. डाव्या बाजूला, पाठीपासून बरगडीच्या कडेने छातीखालपर्यंत फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकू काव लावायला सांगून गेल्या. तोंड आणि शेपूट एकत्र आलं तर माणूस दगावतो, असंही कुणी कानात सांगितलं. खरं तर नागीण एकाच मज्जातंतूच्या वाटेने शरीराच्या एकाच बाजूला उठते, त्यामुळे तिचं वेटोळं सहसा पूर्ण होत नाही. पण त्या भीतीत आणि कावेच्या लेपात आमचे चार दिवस गेले. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग जास्त, हे मला नंतर कळलं.

फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणं राहिलं. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं मज्जातंतूत दडून बसतो आणि पुन्हा जागा झाला की ती नागीण. जाताना तो मज्जातंतू जखमी करून जातो. अम्मीला ओढणीचा पदर लागला तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. मी पेणला राहते. दर शनिवारी गाडीने रोह्याला जायचे, तेव्हा ती दारात एक हात कपड्याखाली घालून, कापड अंगापासून दूर धरून उभी असायची.

डॉक्टरांनी पोटातल्या गोळ्यांबरोबर लिडोकेनच्या पट्ट्या लिहून दिल्या. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडीत टोचतात ते बधिर करणारं औषध. पट्टीतून ते हळूहळू कातडीत उतरतं आणि जखमी मज्जातंतूंचे खोटे इशारे दाबतं. बोट लावलं तर कळतं, पण आग कमी होते. आम्हाला मिळालेली पट्टी साधारण दहा बाय चौदा सेंटीमीटरची, 5 टक्क्यांची होती. ज्या जागी दुखतं त्या जागीच ती लावायची. जागा लहान असेल तर मागचा कागद काढण्याआधी कात्रीने कापायची. एका वेळी जास्तीत जास्त तीन पट्ट्या, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. आणि चोवीस तासांत बाराच तास.

हे बारा तास अम्मीला पटेनात. "दुखतंय तर काढायची कशाला?" पट्टी सतत ठेवली तर औषध रक्तात जास्त जातं, आणि कातडीलाही उसंत मिळत नाही. मग आम्ही वेळ बांधून घेतली. सकाळी आंघोळ करायची, अंग पूर्ण कोरडं होऊ द्यायचं आणि आठ वाजता पट्टी लावायची. रात्री आठला काढायची. पट्टी बरगडीवर असल्याने वुजूच्या पाण्याचा तिच्याशी संबंध येत नव्हता, आणि आंघोळ बिनपट्टीच्या वेळेत उरकत होती. कोकणातल्या घामाने ती कधी दुपारीच सुटायची. तीच पुन्हा दाबून लावायची, पण घड्याळ सकाळपासूनचंच धरायचं.

एका शनिवारी मी गेले तर अम्मी पट्टीवर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली. आयुष्यभर कंबर शेकली, म्हणून इथेही शेक! उष्णतेने औषध एकदम जास्त उतरतं. ओठांना मुंग्या, कानात आवाज, चक्कर, झोपाळल्यासारखं वाटणं ही जास्त झाल्याची लक्षणं. असं झालं तर पट्टी लगेच काढून डॉक्टर गाठायचे. अम्मीला सुदैवाने काही झालं नाही. हृदयाचे ठोके आवरायच्या गोळ्या चालू असतील किंवा यकृताचा मोठा आजार असेल, तर पट्टी लावण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं.

दुसरी धांदल माझ्या भाच्याची. दोन वर्षांचं पोर कचऱ्याच्या डब्यातून काढलेली पट्टी घेऊन चघळायच्या बेतात होतं. त्या पट्टीत 700 मिलिग्रॅम औषध असतं आणि बारा तासांत त्यातलं जेमतेम 3 टक्के, म्हणजे वीसएक मिलिग्रॅम, अंगात जातं. बाकी सगळं पट्टीतच. आपल्याला वापरून संपलेली वाटणारी पट्टी लहान मुलाला जिवावर बेतू शकते. तेव्हापासून काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि झाकणाच्या डब्यात टाकून डबा माळ्यावर, हा घरचा नियम झाला.

पट्ट्यांनी अम्मी अंगावर कापड सोसू लागली. पण महिन्याचा खर्च मोठा होता, म्हणून डॉक्टरांनी पट्ट्या थांबवून त्या जागी कॅप्सेसिनचं मलम करून बघायला सांगितलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतलं तिखट. पट्टी मज्जातंतूला गप्प करते. मलम उलट आधी त्याला ओरडायला लावतं, आणि रोज ओरडून ओरडून तो थकतो. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे आग होतेच. तिला घाबरून मध्येच सोडलं, किंवा आठवण झाली तेव्हाच लावलं, तर आगच पदरात पडते, आराम नाही. दिवसातून तीन-चार वेळा, वाटाण्याएवढं, रोज. फरक कळायला दोन ते चार आठवडे जातात. खपली अजून ओली असेल, कातडी फाटलेली असेल, तर दोन्ही औषधं लावायची नाहीत. मलमाच्या आधी-नंतर गरम पाण्याची आंघोळ नको आणि वरून घट्ट पट्टाही नको.

खरा घोळ वुजूने झाला. अम्मीने मलम लावलं, हात नुसत्या पाण्याने धुतले आणि मगरिबच्या वुजूला बसली. चुळा भरल्या, नाकात पाणी घेतलं, तोंड धुतलं, आणि डोळे धरून ओरडलीच. मिरच्या कुटणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं की तिखट पाण्याने निघत नाही. आम्ही डोळ्यांवर कितीतरी वेळ स्वच्छ पाणी ओतत राहिलो आणि चोळू दिलं नाही. हातांना आधी खोबरेल, मग साबण. पुढे आम्ही मलमाची वेळच बदलली, नमाजच्या आधी नाही, नमाज झाल्यावर. फजर, जोहर, असर आणि इशा, चार वेळा आपोआप लक्षात राहू लागल्या. लावताना बोटांवर प्लास्टिकची पिशवी, आणि नंतर साबणाने दोनदा हात.

परवा पेणच्या औषधाच्या दुकानात एक गृहस्थ खांदा भरला म्हणून "ती बधिर करणारी पट्टी" मागत होते. मुरगळलेल्या स्नायूसाठी दुकानात ज्या पट्ट्या मिळतात, त्यात बहुतेक वेळा पुदिन्याचा अर्क आणि विंटरग्रीनचं तेल असतं. ते औषध वेगळं. लिडोकेनच्या पट्टीचा खरा उपयोग नागिणीनंतरच्या दुखण्यात. कॅप्सेसिनची सौम्य मलमं मात्र स्नायूंच्या दुखण्यालाही वापरतात. पट्टी कुठलीही असो, ती काढल्यावर येणारा हलका लालपणा काही तासांत जायला हवा. फोड आले, किंवा लाली दुसऱ्या दिवशीही राहिली, तर ते औषध बंद.

अम्मीचं दुखणं गेलेलं नाही. थंडीत ते अजून डोकं वर काढतं. पण गेल्या शनिवारी ती दारात उभी होती तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि एका हातात माझ्यासाठी पिशवीभर वालाच्या शेंगा होत्या.