कौलाच्या आधी कंद

पुस्तकांच्या शेवटी छापली जाणारी सूची तयार करणं हे माझं काम. ‘अकारविल्हे लावणं’ हा आमच्यातला जुना शब्द. विल्हे म्हणजे लावलेला क्रम, विल्हेवाटीतलाच तो विल्हे. नव्या मदतनिसाची परीक्षा मी एका प्रश्नाने घेते: ‘कंद’ आणि ‘कौल’ यांत आधी कोण? दहांतले आठ जण कौल म्हणतात. त्यांचं चुकतं असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण शाळेने त्यांच्याकडून घोकून घेतलेलं असतं: को, कौ, कं, कः. बाराखडीत कं कौच्या मागे उभा, आणि आमच्या सूचीत मात्र सगळ्या ‘क’च्या पुढे.

बाराखडी हा स्वर गिरवण्याचा तक्ता आहे, शब्द लावण्याचा नाही. अनुस्वार हा स्वरच नव्हे. तो स्वराच्या पाठीवर बसून येतो, म्हणून तर कं असतो तसे कां, किं, कें, कोंही असतात आणि बाराखडीत त्यांना जागा नसते. कंला कौनंतरचं घर दिलं तर कांला कुठलं द्यायचं?

यातून बाहेर पडायला मी चिठ्ठीवरचा शब्द फोडायला सांगते. अक्षर जसं दिसतं तसं पाहायचं नाही, त्यातले वर्ण सुटे करायचे. एका वनस्पतींवरच्या पुस्तकाच्या सूचीत एकदा करंज, करडई, करवंद आणि कर्दळ अशा चार चिठ्ठ्या एकत्र आल्या. मदतीला आलेल्या मुलीने कर्दळ करडईच्या लगेच मागे ठेवली होती. तिचं म्हणणं असं, “ताई, दोन्हींत क आणि र, मग ड आणि द. डच्या मागे द, म्हणून तिथे.” ऐकायला चोख. पण करडईत ‘र’मध्ये अ आहे, कर्दळीत नाही. फोडून लिहिलं की दिसतं:

```
करंज    क् अ र् अ ं ज् अ
करडई   क् अ र् अ ड् अ ई
करवंद   क् अ र् अ व् अ ं द् अ
कर्दळ    क् अ र् द् अ ळ् अ
```

‘क् अ र्’ इथपर्यंत चौघे एकच. चौथ्या जागी तिघांकडे अ आहे आणि कर्दळीकडे द्. वर्णमालेत सगळे स्वर सगळ्या व्यंजनांच्या आधी, त्यामुळे कर्दळ या तिघांच्याच नव्हे, तर करा, करी, करू, करोडो या सगळ्यांच्या मागे जाते. जोडाक्षराचा वेगळा नियम पाठ करावा लागत नाही तो यामुळे. पाय मोडलेल्या अक्षरात स्वर नाही, म्हणून ते आपल्या पूर्ण बाराखडीच्या मागे जातं, एवढंच. ज्येष्ठमध जोंधळ्याच्या मागे, तो याच हिशोबाने.

रफार डोळ्यांना फसवतो. कर्दळीतला र दच्या डोक्यावर बसलेला दिसतो, म्हणून घाईत माणूस त्याला ‘कद’मध्ये शोधतो. कृष्णकमळ आणि क्रोटन ही दुसरी जोडी. कानाला दोन्ही ‘क्रु-क्रो’ वाटतात, पण कृमध्ये ऋ हा स्वर आहे. म्हणून कृष्णकमळ केळीच्या आधी, आणि क्रोटन कोहळ्याच्याही पलीकडे.

आता पुन्हा अनुस्वार. वर्णमालेत अं-अः स्वरांनंतर आणि क च्या आधी येतात. त्यामुळे करंजातला अनुस्वार करडईतल्या ड् च्या आधी ठरतो आणि करंज पहिला येतो. इथवर सगळ्यांचं एकमत. मतभेद उरतो तो मऊ आणि मंगळ यांसारख्या शब्दांत. वर्णमालेशी इमान राखायचं तर ऊ हा स्वर, म्हणून मऊ आधी. अनुस्वाराला सर्वांत पुढे बसवायचं तर मंगळ आधी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’ या नोंदीने सुरू होतो, म्हणजे तिथे दुसरी रीत आहे. मीही तीच पाळते. वाचकाला टिंब दिसतं, ते एका जागी सापडावं.

संस्कृत कोशांची रीत तिसरीच. वामन शिवराम आपटे यांचा १८९० सालचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडून बघा. ‘अंश’ अगदी सुरुवातीला भेटतो, ‘अंक’ मात्र तिथे नाही. तो ‘अङ्क’ म्हणून ङच्या जागी, बराच पुढे आहे. स्पर्शव्यंजनाआधीचा अनुस्वार त्या-त्या वर्गाचं अनुनासिक मानायचा, आणि श, स, ह यांच्याआधीचा खरा अनुस्वार, अशी ती व्यवस्था. संस्कृतात ती शोभते. मराठीत कंद, कंप, करंज सगळे एकाच टिंबाने लिहितात. न की म की ञ हे ठरवून पानं उलटायला वाचकाला का लावायचं?

जुनी पुस्तकं हाताशी असली की आणखी एक खोच. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या कोशात आवळा ‘आंवळा’ आहे, म्हणजे आंब्याच्या शेजारी. आजच्या सूचीत तो आलं ओलांडून पुढे गेला आहे. म्हणून जुन्या कोशात शब्द मिळाला नाही, तर मी आधी त्याच्या डोक्यावर टिंब ठेवून बघते.

शेवट संगणकाचा. त्या वनस्पतींच्या सूचीची फाईल छपाईला जाण्याआधी कुणीतरी एका बटणाने ‘सॉर्ट’ केली. वरवर पाहता ती ठीक होती, कारण अनुस्वार, काना-मात्रा आणि पाय मोडण्याची खूण यांचे युनिकोड क्रमांक योगायोगाने बरेचसे आपल्याच रीतीने लागतात. पण कळंब कवठाच्या आधी आला होता. मराठीत ळ हच्या मागे; युनिकोडात ळ `U+0933`, व `U+0935`. निव्वळ क्रमांकांवर लावलेली यादी ओळखायची असेल तर ळचेच शब्द तपासावेत. (क्ष आणि ज्ञही अशा यादीत क आणि जच्या शेवटी जातात. वर्ण फोडले तर ते बरोबरच; शाळेच्या वर्णमालेसारखे ळनंतर हवे असतील तर हाताने हलवावे लागतात. मी हलवत नाही.)

त्याहून गमतीची चूक ॲस्टरची. ती नोंद फाईलमध्ये दोनदा होती, हुबेहूब सारखी दिसणारी. एक आघाड्याच्या आधी, अच्या शेवटी. दुसरी हिरडा-हिंगाच्याही मागे, सूचीच्या अगदी तळाला. एका टंकलेखकाने अ आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे टंकले होते, दुसऱ्याने ॲ हे एकच अक्षर. पहिल्याची सुरुवात `U+0905 U+0945`, दुसऱ्याची `U+0972`, आणि हा क्रमांक हच्या खूप पुढे. प्रुफं वाचणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसला नाही. एका नोंदीपुढे पान ४१ होतं आणि दुसरीपुढे १०८. त्या दोन्ही एकत्र करून मी ॲस्टर अच्या घरातच ठेवला आणि मग ॲव्होकॅडो शोधायला तळाशी गेले. तोही तिथेच होता.