पारूला माहीत नाही

गिरणी संपावरच्या कादंबरीचे कच्चे मसुदे मी एआय चॅटच्या मदतीने करते. नवं सत्र उघडलं की त्याची पाटी कोरी असते. म्हणून पात्रं, चाळ, तारखा असं सगळं एका फाइलमध्ये लिहून ते मी दरवेळी आधी पेस्ट करते. या फाइलला लिहिणारे बायबल म्हणतात, मी बाड म्हणते.

पहिलं बाड बावीस पानांचं झालं होतं. तुकाराम साचेखात्यात, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी, पारूचं माहेर पाटणकडचं, सगळं त्यात होतं. तरी सोळाव्या प्रकरणात घोटाळा झाला. प्रसंग ऑगस्ट 1982चा. 18 जानेवारीला सुरू झालेला संप सातव्या महिन्यात गेलेला, घरात रेशनलाही पैसे नाहीत. मसुद्यात पारू नवऱ्याला सुनावते, 'माझ्या पाटल्या विकून खाल्ल्यात!' पाटल्या गहाण होत्या, विकलेल्या नव्हत्या आणि तिला हे एकविसाव्या प्रकरणात कळणार होतं. सगळ्या कादंबरीचा ताण त्याच गुपितावर उभा होता.

बाडात मी लिहिलं होतं : 'तुकारामने पाटल्या गहाण टाकल्या (पारूला माहीत नाही).' म्हणजे गुपित तर मीच समोर ठेवलं होतं, आणि नकार कंसात, तोही अकराव्या पानावर. लांब मजकुराच्या मधल्या भागातलं असं काही सहज निसटतं. शिवाय 'माहीत नाही' एवढ्यावरून पारूने काय बोलावं हे ठरत नाही. मी ती ओळ बदलली : 'पारूची समजूत : पाटल्या गावी थोरल्या जावेच्या पेटीत आहेत. दिवाळीला आणायच्या.' गहाणाची नोंद पारूच्या प्रसंगांपुरती काढूनच टाकली. नव्या मसुद्यात पारू म्हणाली, दिवाळीला गावी गेलो की पाटल्या घेऊन येऊ. आणि तुकाराम गप्प बसला. मला हवा होता तो प्रसंग हाच.

तेव्हापासून बाडाचे दोन भाग आहेत. न बदलणारं दोन पानांत : वयाऐवजी जन्मसाल, आणि कोण कोणाला काय म्हणतं. पारू नवऱ्याला 'अहो' म्हणते, नाव घेत नाही. हे लिहिलं नाही तर चार पानांत ती 'तुकाराम, ऐक' म्हणू लागते. दुसरा भाग अर्ध्या पानाचा, त्या प्रकरणापुरता : आज कोण कुठे आहे, कोणाची काय समजूत आहे. तो मी सगळ्यात शेवटी, प्रसंगाच्या अगदी आधी पेस्ट करते.

हे अर्धं पान मी पक्क्या झालेल्या प्रकरणावरून स्वतः लिहिते. एकदा चॅटकडून आलेला सारांश तसाच चिकटवला, तर त्यात 'पारूला संशय आला आहे' असं घुसलं होतं. प्रकरणात तसं कुठेच नव्हतं, पण पुढच्या दोन सत्रांत ती पेटीची किल्ली मागत राहिली. दोन्ही मसुदे टाकून दिले आणि जुन्या ओळीवर परत आले : पाटल्या जावेच्या पेटीत आहेत.