भिंत कशाची आहे?

मुलगी धरून उभी राहायला लागली आणि तिने पहिली चढाई केली ती पुस्तकांच्या कपाटावर. कपाट सहा फुटी, खोली जेमतेम एक फूट. खालचे कप्पे जुन्या दिवाळी अंकांनी ठासून भरलेले, म्हणून ते जागचे हलले नाही. तरी मी त्याच आठवड्यात कपाट भिंतीला बांधायचे पट्टे मागवले.

पाकिटात नायलॉनचे पट्टे, बारक्या गिट्ट्या आणि इंचभराचे स्क्रू होते. सुतारकाकांनी एक स्क्रू तळहातावर घेतला. "ताई, हा तर जवळजवळ गिलाव्यातच संपेल." आमच्याकडे गिलावा पाऊण इंचाचा. नुसत्या गिलाव्यात बसलेली गिट्टी एरवी घट्ट वाटते. मूल लोंबकळलं की खपलीसकट बाहेर येते.

भिंत कशाची, हे त्यांनी ड्रिलमधून पडणाऱ्या भुशावरून ओळखलं. लाल भुसा आला की वीट. बिट अडून किंचाळायला लागलं की काँक्रीटचा कॉलम. आमच्याकडे गिलावा संपताच पांढरट, हलकी पूड पडली आणि बिट जोर न लावता आत गेलं, म्हणजे एएसी ब्लॉक. काकांनी लगेच ड्रिलचा हॅमर बंद केला. या ब्लॉकमध्ये हॅमर चालवला की भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी आतल्या आत फिरते. स्क्रू आवळताना तो कुठेच घट्ट होत नसेल, तर ते भोक वाया गेलं. काड्या कोंबून ते वापरू नये, चार बोटं सरकून नवं पाडावं. आम्ही ब्लॉकसाठी मिळणाऱ्या लांब नायलॉन गिट्ट्या आणल्या. स्विचबोर्डाच्या सरळ वरची जागा मात्र सोडली. तिथून वायरचा पाइप जातो.

आता कपाटाची बाजू. मागची बाजू म्हणजे खिळ्यांनी ठोकलेला पातळ हार्डबोर्ड. त्यात स्क्रू मारला तर ओढ बसल्यावर कपाट पुढे आणि हार्डबोर्ड भिंतीला, असं होईल. म्हणून पट्ट्यांऐवजी लोखंडी एल-अँगल घेतले. त्यांची एक बाजू कपाटाच्या वरच्या जाड फळीवर, दुसरी भिंतीवर. मध्ये स्कर्टिंगमुळे अर्ध्या इंचाची फट होती. तशीच आवळली असती तर कपाट मागे कललं असतं आणि फळीवर ताण आला असता. काकांनी फटीच्या जाडीची लाकडी पट्टी मागे सारली आणि मग स्क्रू आवळले. दोन्ही टोकांना एकेक अँगल बसला. मग दोन्ही हातांनी वरची कड धरून मी जोरात ओढून पाहिलं. भिंतीतून पूड पडली नाही, अँगल वाकला नाही.

खणांचं कपाट अधिक अवघड. खालचे दोन-तीन खण एकदम उघडले की सगळं वजन पुढे येतं, आणि मुलांना त्या पायऱ्याच वाटतात. आमचं होतं खिडकीखाली. मागे अँगल ठोकायला पुरेशी भिंतच नव्हती. ते पलंगाशेजारच्या विटांच्या भिंतीला नेलं. तिथे लाल भुसा पडला.