थाटाची टिपणं

लखनौ. १९२६ साली भातखंड्यांनी उभारलेल्या संगीतशाळेतलं थाटावरचं व्याख्यान. त्याची उतरवलेली प्रत घेऊन बसले. सरांनी थाटाची व्याख्या आधी अर्धीच सांगितली, उरलेली भैरवीच्या ओघात आली. म्हणून मथळे बोलण्याच्या क्रमाने दिले नाहीत. ‘थाट’खाली दोन्ही तुकडे जोडले: क्रमाने सात स्वर, फक्त आरोह, गायला जात नाही.

सर गाऊन दाखवतात तिथे प्रत कोरी, आणि गाभा तर तिथेच! तेवढं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून भातखंडे लिपीत उतरवलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मारवा थाट: सा रे॒ ग म॑ प ध नि. मारवा रागात मात्र पंचम वर्ज्य. ही ओळ ‘राग’ या मथळ्याखाली गेली.